वर्ष अर्ध्यावर असताना वर्गात नवं मूल येतं तेव्हा: पालकांना पहिली चिठ्ठी आणि बडीचा तीन आठवड्यांचा बेत

दिवाळीची सुट्टी संपली की बडोद्यातल्या आमच्या शाळेत दोन-चार मुलं नवी येतात. कुणाच्या वडिलांची बदली मकरपुऱ्याच्या कारखान्यात झालेली असते, तर कुणी आजी-आजोबांजवळ राहायला आलेलं असतं. दाखला, गणवेश, फी हे सगळं ऑफिस बघतं. वर्गात मात्र बहुतेक शिक्षिका दोनच गोष्टी करतात. पालकांच्या हातात नियमांची छापील पुस्तिका देतात आणि वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीला सांगतात, "हिच्याकडे लक्ष ठेव गं." या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि मी स्वतः कित्येक वर्षं त्या केल्या आहेत.

हा लेख इयत्ता दुसरी ते पाचवीच्या वर्गशिक्षिकांसाठी आहे. नव्या मुलाला पहिले काही दिवस सोबत करायला वर्गातलंच जे मूल नेमतो, त्याला आम्ही बडी म्हणतो. उदाहरण एकच घेते. महाराष्ट्रातल्या सेमी-इंग्रजी शाळेतून आमच्या इंग्रजी माध्यमाच्या तिसरीत आलेली एक मुलगी. तिला इथे रेवा म्हणू. बाकीच्या मुलांची नावंही बदललेली आहेत.

टप्पा १: चिठ्ठी लिहिण्याआधी दहा मिनिटांचा फोन

प्रवेश पक्का झाला की त्याच दिवशी आईला किंवा वडिलांना फोन करा. मूल वर्गात आल्यावर केलेला फोन उशिराचा. फोनवर एवढंच विचारा:

- घरी तिला काय म्हणतात, आणि वर्गात काय म्हटलेलं तिला आवडेल?
- कोणती लिपी वाचता येते, कोणती भाषा नुसती समजते, कोणती अजिबात नाही?
- डब्यात काय चालत नाही? ॲलर्जी, रोजचं औषध काही आहे का?
- शाळेत येणं-जाणं कसं? वर्धीच्या, म्हणजे मुलांची रोज ने-आण करणाऱ्या ठरलेल्या रिक्षेनं, व्हॅननं, की घरचं कुणी सोडणार?
- पाढे कितीपर्यंत झाले आहेत, हातच्याची वजाबाकी झाली आहे का?
- आम्ही पाठवलेली सूचना तुम्हाला कोणत्या भाषेत वाचायला सोपी जाईल?

शेवटचा प्रश्न बडोद्यात विशेष महत्त्वाचा. दांडिया बाजारात तीन पिढ्या राहिलेली मराठी आई घरी मराठी बोलते, पण वाचायला तिला गुजराती सोपं जातं. महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या आईला गुजराती अक्षर ओळखता येत नाही. दोघींचं आडनाव एकच असू शकतं. आडनावावरून भाषा ठरवू नका, विचारा.

शाळा का बदलली, हे मात्र विचारू नका. सांगायचं असेल तर ते सांगतील. सांगितलंच तर ते तुमच्यापाशी ठेवा. ना चिठ्ठीत लिहा, ना वर्गाला सांगा, ना बडीच्या आईला.

> तपासा: फोन ठेवल्यावर तुम्हाला मुलाची एक तरी आवड सांगता येते का? रेवाची आई म्हणाली होती, "कागदाच्या होड्या करते, पाच-सहा प्रकारच्या." ही एक ओळ पुढे फार कामाला आली.

टप्पा २: पालकांना स्वागताची चिठ्ठी

चिठ्ठी मूल वर्गात येण्याच्या दोन दिवस आधी पोचली पाहिजे, आणि एका पानात संपली पाहिजे. ती उद्या सकाळी घरात होणाऱ्या गडबडीसाठी आहे. कोणत्या दाराशी सोडायचं, दप्तरात काय घालायचं, पहिला आठवडा कशाची सूट, अडचण आली तर कधी आणि कुणाला फोन करायचा, ही माहिती त्यात हवी. शाळेचं ब्रीदवाक्य, निकालाची टक्केवारी, उशिरा आल्यास दंड, यातलं काही नको.

रेवाच्या घरी गेलेली चिठ्ठी जवळपास जशीच्या तशी देते.

> नमस्कार,
>
> सोमवारपासून रेवा तिसरी 'ब' मध्ये येते आहे. मी तिची वर्गशिक्षिका.
>
> पहिल्या दिवशी तिला ७ वाजून १० मिनिटांनी छोट्या दाराशी आणा. मोठ्या दाराशी रिक्षांची गर्दी असते. मी स्वतः तिथे उभी असेन. तुम्ही वर्गापर्यंत यावं अशी तिची इच्छा असेल तर त्या दिवशी जरूर या. मंगळवारपासून आपण दाराशी निरोप घेऊ.
>
> दप्तरात तीन वह्या, कंपास, पाण्याची बाटली आणि डबा एवढंच घाला. पुस्तकं मिळाली नसतील तर घाई नको, आठवडाभर ती शेजारच्या मुलीच्या पुस्तकात बघेल. डब्यात तिला नेहमी आवडतं तेच द्या. सुट्टी २० मिनिटांची असते, म्हणून सहज संपेल असं.
>
> पहिले तीन आठवडे गुजरातीच्या वहीत ती अक्षरं गिरवेल. बाकी वर्गाचा गृहपाठ तिला त्या विषयात नाही. गेल्या सहामाहीच्या वह्या उतरवून काढायला लावू नका. काय राहिलं आहे ते मी बघून तुम्हाला सांगेन.
>
> इथे रोज कानावर पडणारे काही शब्द: 'लेसन' म्हणजे गृहपाठ. 'रजा' म्हणजे सुट्टी. 'नास्तो' म्हणजे डबा. 'पाटली' म्हणजे बाक. 'काले' हा शब्द उद्यासाठीही वापरतात आणि कालसाठीही, तेव्हा रेवानं तो सांगितला तर तारीख विचारा.
>
> वर्गातली दोन मुलं पहिले काही दिवस तिच्या सोबतीला असतील. ती कोण हे रेवाच तुम्हाला सोमवारी सांगेल.
>
> वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर घालू का, एवढं कळवा. मला दुपारी १ ते २ या वेळात फोन करता येईल. बुधवारी मीच तुम्हाला फोन करते.

'काले'बद्दलची ओळ उगाच घातलेली नाही. दोन वर्षांपूर्वी असंच एक मूल आलं होतं. गुजरातीच्या टीचरनी वर्गात सांगितलं, "काले रजा छे." मुलानं घरी जाऊन आईला सांगितलं, "काल सुट्टी होती म्हणे." सूचना ग्रुपवरही आली होती, पण गुजराती लिपीत, आणि आईला ती वाचता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी बिचारी आई सकाळी सव्वासातला बंद दारापुढे मुलाचा हात धरून उभी. 'लेसन'चंही तसंच होतं. मराठी कानाला तो धडा वाटतो. मूल सांगतं, लेसन पूर्ण करायचाय, आणि घरी धडा वाचून घेतात. वही कोरीच राहते.

बुधवारचा फोन चिठ्ठीत लिहिला असेल तर तो झालाच पाहिजे. जमणार नसेल तर लिहू नका.

> सावधान: चिठ्ठी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. "आपल्या वर्गात नवीन विद्यार्थी येत आहे, सर्वांनी स्वागत करा" असं लिहिलं की चाळीस आया फुलं पाठवतात, आणि त्यांतल्या दोघी "कुठल्या शाळेतून? मध्येच का?" असं विचारतात.

टप्पा ३: बडी निवडणं

एक नको, दोन हवेत. एक वर्गातला, शेजारच्या पाटलीवरचा. दुसरा वर्गाबाहेरचा: दार, पाणी, संडास, मैदान, वर्धी. एकच बडी ठेवला तर तो ज्या दिवशी गैरहजर त्या दिवशी नवं मूल पुन्हा पहिल्या दिवसावर येतं. शिवाय आठ वर्षांच्या मुलाला दिवसभर दुसऱ्याची काळजी वाहायला लावणं हे ओझंच आहे.

कोण निवडायचं यात सर्वांत जास्त चुका होतात. पहिल्या नंबरची मुलगी नको, कारण ती मदत म्हणून उत्तरच सांगून टाकते आणि नवं मूल तिच्या वहीतून उतरवायला लागतं. मॉनिटर नको, त्याला हुकूम सोडायची सवय असते. सर्वांत खोडकर मुलाला "जबाबदारी दिली की सुधारेल" म्हणून बडी करू नका. नवं मूल म्हणजे कुणाच्या सुधारणेचं साधन नव्हे. मी शोधते ते मधल्या फळीतलं मूल: स्वतःचा डबा वेळेत संपवणारं, दोन-तीन मित्र असलेलं, आणि कुणी गप्प राहिलं तर घाई न करणारं.

आता भाषेचा पेच. वर्गात घरी मराठी बोलणारं एखादं मूल असतंच, आणि आपला हात आधी त्याच्याकडेच जातो. मीही तेच केलं होतं. एका मुलीला मराठी बोलणारा एकुलता एक मुलगा बडी म्हणून दिला. महिन्याभरात तो तिचा दुभाषी झाला. टीचर काय म्हणाल्या, तो सांगे. तिला पाणी प्यायला जायचं असेल तर विचारायचं त्यानंच. आम्हाला वाटलं, किती छान जमलंय. मग त्याला टायफॉइड झाला आणि ते आठ दिवस ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. चार महिने वर्गात काढूनही तिला "पाणी पीवा जाउं?" एवढं वाक्य येत नव्हतं, कारण ते बोलायची वेळच तिच्यावर आली नव्हती.

म्हणून रेवाच्या वेळी वर्गातली बडी धृवी, घरी गुजराती बोलणारी. बाहेरचा बडी ओम, घरी मराठी बोलणारा, रेवाच्याच वर्धीत बसणारा. मराठीचा आधार सुट्टीत आणि रिक्षेत, जिथे भीती जास्त वाटते तिथे. वर्गात मात्र कामचलाऊ हिंदी, इंग्रजी, गुजराती आणि हातवारे.

दोघांनाही आधी विचारा, आणि नाही म्हणायची मोकळीक द्या. धृवीच्या आधी मी एका मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, "मला माझ्या मैत्रिणीशेजारीच बसायचंय." ठीक आहे. बडीच्या घरीही दोन ओळी कळवा: काम काय, किती दिवस, आणि नव्या मुलीच्या अभ्यासाची जबाबदारी त्याच्यावर नाही.

टप्पा ४: बडींची तालीम, पंधरा मिनिटं

"मदत कर" म्हटलं की आठ वर्षांच्या मुलाला काहीच कळत नाही. करून दाखवावं लागतं. शुक्रवारी सुट्टीनंतर दोघांना घेऊन मी शाळेत फिरले. मी नवी मुलगी झाले आणि मुद्दाम गप्प राहिले. ओमनं लगेच माझा हात धरून ओढलं. तिथे थांबवून सांगितलं: हात धरायचा नाही, बाजूनं चालायचं.

तालमीत इतकंच ठरलं:

1. आधी बोट दाखव, मग शब्द सांग. नळाकडे बोट, मग "पाणी". मराठीत सांगणं सर्वांत शेवटी.
2. तिच्या वतीनं टीचरशी बोलायचं नाही. तिच्याबरोबर टेबलापर्यंत यायचं आणि शेजारी उभं राहायचं.
3. संडास दाखवायचा, बाहेर थांबायचं.
4. डबा खाताना तिला आपल्या नेहमीच्या घोळक्यात घ्यायचं. वेगळं दोघींनीच बसायचं नाही.
5. ती रडली, तिला लागलं, ती दिसेनाशी झाली, किंवा "कुणाला सांगू नको" असं काही म्हणाली तर ताबडतोब टीचरकडे. ही चहाडी नव्हे.

> तपासा: बडीला विचारा, "ती तुझ्याशी बोललीच नाही तर काय करशील?" "मग मी पण गप्प बसेन" हे चांगलं उत्तर. "मी सगळ्यांना सांगेन की ती बोलत नाही" असं आलं तर आणखी एक तालीम घ्या.

टप्पा ५: पहिला दिवस

नव्या मुलाला फळ्यासमोर उभं करून "आपलं नाव सांग, कुठून आलीस सांग" हे करू नका. चाळीस अनोळखी चेहऱ्यांपुढे अनोळखी भाषेत बोलणं हे मोठ्यांनाही जड जातं. मुलं यायच्या आधी तिची जागा, खुंटी आणि हजेरीपटातलं नाव तयार ठेवा. हजेरी घेताना तिचं नाव आडनावाच्या क्रमानं जिथे येतं तिथेच घ्या, शेवटी हातानं चिकटवल्यासारखं नको.

रेवाच्या वर्गात मी पहिल्या तासाला सगळ्यांनाच कागदाची होडी करायला दिली. कारण कुणाला सांगितलं नाही. दहा मिनिटांत निम्म्या वर्गाच्या होड्या अडल्या होत्या आणि रेवाची दुसरी तयार होती. धृवीनं आपला कागद तिच्यापुढे सरकवला. मग मागच्या पाटलीवरूनही दोन कागद आले. तिला मदत हवी आहे हे वर्गाला कळण्याआधी तिच्याकडून मदत मिळते हे कळलं. हा क्रम उलटा झाला की पुढे निस्तरायला वेळ लागतो.

शाळा सुटताना बडीवर विसंबू नका. पहिले तीन दिवस वर्धीच्या काकांच्या हाती मूल तुम्ही स्वतः द्या आणि रिक्षेचा नंबर घरून आलेल्या नंबराशी ताडून बघा.

टप्पा ६: तीन आठवडे, हळूहळू हात सोडत

पहिला आठवडा दोन्ही बडी पूर्णवेळ. दुसऱ्या आठवड्यात बाहेरचा बडी फक्त वर्धीपुरता, म्हणजे संडास आणि नळ तिचे तिनं. तिसऱ्या आठवड्यात मी सगळ्या वर्गाच्याच जागा बदलते, त्यामुळे धृवीशेजारून उठणं ही एकट्या रेवाची गोष्ट राहत नाही. तिसऱ्या शुक्रवारी बडींना सांगायचं, "तुमचं काम संपलं." हे तोंडानं सांगावं लागतं. नाहीतर काही मुलं वर्षभर जबाबदारी वाहतात आणि काही दुसऱ्याच दिवशी सोडून देतात.

गुजरातीचं काय, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतात. २०२३च्या कायद्यानं गुजरातमधल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सक्तीचं आहे, मग बोर्ड कोणतंही असो. देवनागरी येणाऱ्या मुलाला लिपी वाटते तितकी परकी नाही. शिरोरेघ नाही, पण ग, त, न, म, व, स पटकन ओळखू येतात. अडतात ती क, ख, च, ज, फ, अ. रोज दोन, त्यापेक्षा जास्त नको. एक फसवी जागा आहे ती आकड्यांची: गुजराती ५ हा गुजराती 'प'सारखा दिसतो आणि २ हा 'र'सारखा. गुजराती आकडे शिकताना मूल त्यांना अक्षरं समजून वाचायला लागलं तर त्याला मंद समजू नका. ते बरोबरच वाचतं आहे, फक्त अक्षर म्हणून. चाचणीत किती सवलत द्यायची हे मात्र मुख्याध्यापकांशी आधी बोलून लेखी घ्या. एका शिक्षिकेनं तोंडी दिलेली सूट दुसऱ्या शिक्षिकेच्या तासाला चालत नाही.

> तपासा: तिसऱ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी सुट्टीत ओसरीवर उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा. ती कुणाजवळ बसली? बोलणं कुणी सुरू केलं? बडी सोडून तिसऱ्या कुणाशी बोलली का? पंधराव्या दिवशीही तिसरं कुणी नसेल तर बडीचे दिवस वाढवू नका. खेळ बदला. चार जणांशिवाय होत नाही असा खेळ द्या. लगोरी आमच्याकडे चालली.

बिघडतंय हे कसं कळतं

वर्गात नवं मूल सहसा तक्रार करत नाही. घरी कळतं. म्हणून बुधवारच्या फोनवर "रमली का?" असं विचारू नका. त्यावर सगळ्या आया "हो" म्हणतात. विचारा: डबा कितपत संपतो? शाळेतून आल्याबरोबर आधी संडासकडे धावते का? पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का?

रेवाच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नावर आई एकदम थांबली. "हो, चप्पलही काढत नाही, आधी पळते." ओमनं संडास दाखवला होता, पण लांबून. मुलगा असल्यामुळे मुलींच्या बाजूला तो गेलाच नव्हता. आतल्या दाराची कडी वरच्या बाजूला होती आणि रेवाचा हात पोचत नव्हता, म्हणून ती पाच तास थांबत होती आणि त्यासाठी पाणीही पीत नव्हती. चूक माझी होती, तालमीत मी हे बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून धृवी बरोबर गेली, आणि आठवड्याभरात शिपाईकाकांनी कडी खाली बसवून दिली. आता बाहेरचा बडी मुलगा असेल तर संडासापुरती एक मुलगी मी वेगळी ठरवते.

सोमवारी सकाळी पोटात दुखणं, बडीचं नाव घरी न निघणं, किंवा बडीच्याच घरून "ती हिला चिकटूनच असते" अशी तक्रार येणं, यातलं काहीही दिसलं तर बडी बदला. बदलताना दोघांपैकी कुणालाही चूक वाटू देऊ नका. "आता या आठवड्यात याची पाळी" एवढं पुरतं.

टप्पा ७: दुसरी चिठ्ठी

तीन आठवड्यांनी घरी चार ओळी जाऊ द्या. रेवाच्या चिठ्ठीत होतं: वजाबाकीत हातचा अजून चुकतो, रोज पाच गणितं द्या. गुजरातीची १४ अक्षरं येतात. सुट्टीत ती चौघींबरोबर असते. कडी बदलली आहे. बडींच्या घरी दुसरा कागद, आभाराचा, आणि त्यात "आपल्या पाल्यानं खूप मदत केली" असं न लिहिता त्यानं काय केलं ते लिहायचं. ओमच्या आईला मी लिहिलं होतं की त्यानं तीन आठवडे रिक्षेतली खिडकीजवळची जागा रेवाला दिली. घरी त्यानं हे सांगितलंच नव्हतं.